बापाच्या सहीवर दिलेला दाखला

माझ्या सहीनं आजवर किती मुलांची वर्तणूक चांगली ठरली, ते मला सांगता येणार नाही. मुलगा अर्ज देतो, सोबत बारावीची गुणपत्रिका आणि टीसीची झेरॉक्स जोडतो. आमचा बाबू कॉम्प्युटरवरच्या तयार मजकुरात नाव आणि वर्ष बदलतो. सदर विद्यार्थी या कनिष्ठ महाविद्यालयात शिकत होता, माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे. लेटरहेडवर प्रिंट निघते, जावक क्रमांक पडतो, मी सही करतो, शिपाई गोल शिक्का मारतो. अग्निवीरच्या भरतीला निघालेला असो, की पुण्याला शिकायला, दाखला सगळ्यांचा सारखाच. ज्यानं वर्गाची खिडकी फोडली त्याचीही वर्तणूक मी चांगली लिहिली आहे. त्यात काही गैर वाटलं नाही. पोरगं पोटापाण्याला लागतं आहे, आपण कशाला आडवं जायचं?

आडवा गेलो तो एकदाच, आणि तो एका मुलीच्या बाबतीत. हे मी घरीही सांगितलेलं नव्हतं. बायकोला इतकंच माहीत होतं की त्या वर्षी मी प्रभारी प्राचार्याचा प्राचार्य झालो आणि सिंदी मेघेतल्या आमच्या घरी चार लोक पेढे खाऊन गेले.

आमचं कॉलेज जामच्या चौकातून आत, समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात आहे. बारावीचं परीक्षा केंद्र आमच्याकडेच असायचं आणि केंद्रसंचालक मी. कॉपी चालायची का, असं कोणी विचारलं तर आम्ही सगळे हसायचो. चिठ्ठ्या वगैरे आम्ही चालू देत नव्हतो. आमची पद्धत वेगळी होती. पेपरच्या सुरुवातीला, वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या वेळी, त्या विषयाचे सर वर्गात एक चक्कर मारून यायचे आणि उत्तरं हळूच सांगून यायचे. मी परीक्षेआधीच्या बैठकीत म्हणायचो, "मुलांना सांभाळून घ्या." याचा अर्थ काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नसे. चक्कर चालू असताना मी माझ्या खोलीत सीलबंद पाकिटांच्या नोंदी बघत बसायचो. म्हणजे मी काही पाहिलेलं नसायचं.

त्या वर्षी भौतिकशास्त्राच्या पेपरला सरांची चक्कर झाल्यावर भरारी पथकाची गाडी आली. पथकात एक मॅडम होत्या. त्यांनी वर्गात उभं राहून सहज विचारलं, "काय रे मुलांनो, सगळं शांततेत चाललंय ना? कोणी काही सांगून गेलं का?"

असा प्रश्न प्रत्येक पथक विचारतं. त्याला उत्तर नसतं. पण तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"हो मॅडम. सर सांगून गेले. पहिल्या प्रश्नाचं."

ती आमच्याच कॉलेजची, वर्गातली सगळ्यात हुशार. वडिलांचं जामच्या हायवेवर पंक्चरचं दुकान. त्या दिवशी पथकानं तिचा जबाब घेतला, मॅडमनी तिला पाणी दिलं आणि पेपर लिहायला वेळ वाढवून दिला. मी दारात उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर कोणी तरी विचारलं तर ती म्हणाली म्हणे, "मॅडमनी विचारलं म्हणून सांगितलं. नसतं विचारलं तर नसतं सांगितलं."

केंद्र का काढून घेऊ नये, अशी नोटीस आम्हाला आली. गावात ओरड झाली. केंद्र गेलं तर पुढच्या वर्षी पोरांनी परीक्षेला हिंगणघाटला जायचं, एसटीनं, उन्हात. हॉटेलातले लोक तिच्या वडिलांना ऐकवायचे, "लय सत्यवान पोट्टी काढली गा तू! आता गावच्या पोट्ट्यायले तुह्याच टेम्पोनं नेजो सेंटरवर." त्यांच्याकडे टेम्पो नव्हता, एक जुनी लुना होती.

निकाल लागला. ती केंद्रात पहिली आली. टीसी न्यायला आली तेव्हा बाबूनं नेहमीप्रमाणे वर्तणुकीच्या रकान्यात 'चांगली' लिहून टाकलं आणि मीही सही केली. कोणी लक्ष दिलं नाही. नंतर नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेतून दुसऱ्या राज्यातल्या एका सरकारी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला तिचा नंबर लागला, ही बातमी गावात आली, आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी मला घरी बोलावलं.

त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "सर, ती पोरगी दाखल्यासाठी येईल. बाहेरच्या कॉलेजात प्रवेशाला प्राचार्यांचा वर्तणुकीचा दाखला लागतोच. तिच्याकडून आधी लिहून घ्या की पेपर कठीण होता, ती घाबरली होती, गैरसमजातून बोलली. केंद्राच्या नोटिशीवर नागपूरला बोर्डात सुनावणी आहे, तिथे तो कागद कामी पडेल."

मी म्हणालो, "बघतो साहेब."

"बघू नका. तुमचाही प्रस्ताव पाठवायचा आहे."

तेव्हा मी प्रभारी होतो. कायम करण्याचा प्रस्ताव संस्थेकडूनच जाणार होता. त्यांनी धमकी दिली, असं मला म्हणता येणार नाही. बिस्किटं पुढे केली.

ती आली तेव्हा तिच्या हातात अर्ज तयार होता, आणि त्या कॉलेजनं पाठवलेला दाखल्याचा नमुनाही. वर फोटो चिकटवलेला, फोटोवर अर्धी आणि कागदावर अर्धी येईल अशी माझी सही आणि शिक्का हवा होता. पुढच्या शुक्रवारी तिला तिथे मूळ कागदपत्रांसह हजर व्हायचं होतं. दाखला नसेल तर प्रवेश होणार नव्हता आणि जागा पुढच्या मुलीला जाणार होती.

बाबूनं अर्ज हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "काय सत्यभामाबाई, आता आमचीच सही लागली का तुमाले?"

"प्राचार्यांची लागते, काका," ती म्हणाली. "तुमची नाई."

बाबू वरमला. मी तिला आत घेतलं आणि बसायला सांगितलं. माझा आवाज मी मुद्दाम मऊ ठेवला होता, हे मला आजही आठवतं.

"दाखला मिळेल बेटा. फक्त एक छोटंसं निवेदन लिहून दे. परीक्षेच्या दिवशी तू घाबरली होतीस..."

"मी घाबरली नव्हती सर."

"पेपर कठीण होता."

"नव्हता."

"बघ, कोणाचं नुकसान व्हावं असं तुलाही वाटत नसेल. एवढं केंद्र, गावची लहान लहान मुलं..."

"पण सर, वर्तणुकीचा दाखला मागून राह्यली मी. टीसीवर तर तुम्हीच 'चांगली' लिहून दिलं."

"ते छापील असतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. एखादं गणित सोडवताना मध्येच चूक सापडली की मुलं जशी बघतात तशी. मग म्हणाली, "मी खोटं लिहून देणार नाई. मी उद्या परत येते. तुम्ही विचार करा."

मला विचार करायला सांगून ती गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मी वर्ध्याला शिक्षणाधिकारी कार्यालयात होतो. म्हणजे बाबूनं तिला तसं सांगितलं. मी आत होतो. ऑफिसात कोणी कोणाला नाही म्हणत नाही. साहेब बाहेर आहेत, शिक्का कपाटात आहे, कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो रजेवर आहे. तिसऱ्या दिवशी ती व्हरांड्यातल्या बाकावर शेवटच्या घंटेपर्यंत बसून राहिली आणि मी मागच्या दारानं निघालो. त्या दारातून मोटारसायकल काढताना मला शिपायानं पाहिलं. त्यानं दार धरून ठेवलं.

त्यानंतर वडील आले, एकटे. अंगावर धुतलेला शर्ट होता, पण नखांतलं काळं निघालेलं नव्हतं. खुर्चीवर बसले नाहीत.

"सर, पोरगी दोन दिस झाले जेवून नाई राह्यली. तुमी दाखला काऊन अडवून ठेवला तिचा?"

मी सगळं पुन्हा मऊ आवाजात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते तं नाई लिहून देनार. म्या सांगून पाह्यलं. म्हनलं लिहून टाक न माय, आपलं काय जाते. तं म्हने बाबा, मंग मी तिकडं जाऊन काय शिकू?" मग म्हणाले, "म्या लिहून देलं तं चालते का?"

इथे सगळं थांबवता आलं असतं. नाही चालत, असं मी म्हटलं असतं तर अध्यक्षांना सांगायला कारण मिळालं असतं. पण माझ्या डोक्यात लगेच आलं की परीक्षेच्या वेळी मुलीला अठरा वर्षं पूर्ण झालेली नव्हती. पालकाच्या निवेदनाला वजन होतं. ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती, मला होती. मी म्हणालो, "चालेल."

मजकूर मी सांगितला, त्यांनी लिहिला. माझी मुलगी त्या दिवशी आजारी व भेदरलेली होती. गैरसमजातून तिने तक्रार केली. आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. त्यांचं अक्षर चांगलं होतं. 'भेदरलेली' या शब्दाशी ते अडखळले.

"सर, हे कोनाले सांगू नका. तिले तं नकोच. तिले वाटलं पायजे का दाखला तिनंच आनला."

मी मान हलवली. तिथेच प्रिंट काढायला लावली, नमुन्यावर फोटोवर सही केली, शिक्का मी माझ्या हातानं मारला. विद्यार्थिनीची वर्तणूक उत्तम असून ती सचोटीची आहे. 'सचोटीची' हा शब्द त्या कॉलेजच्या नमुन्यात होता, मी घातलेला नव्हता. ज्या दिवशी तिच्या नावावर खोटं लिहिलं गेलं, त्याच दिवशी आमच्या कॉलेजनं ती सचोटीची असल्याचं लिहून दिलं, आणि दोन्ही कागद एकाच टेबलावर तयार झाले.

ती गुरुवारी गाडीत बसली. जाण्याआधी ऑफिसात आली आणि म्हणाली, "सर, मला वाटलं होतं तुम्ही नाही देणार. मी घरी तुमच्याबद्दल वाईट बोलली. माफ करा." शिकलेल्या माणसाशी बोलायचं म्हणून ती शुद्ध बोलण्याचा प्रयत्न करत होती. मी म्हणालो, "नीट अभ्यास कर."

सुनावणीत तो कागद कामी पडला. समज देऊन केंद्र कायम ठेवलं गेलं. भौतिकच्या सरांना काही झालं नाही. माझा प्रस्ताव गेला आणि मंजूर झाला.

त्यानंतर दर शिक्षकदिनाला तिचा मेसेज यायचा. मी हात जोडलेलं चित्र पाठवायचो. एवढ्यावर राहिलं असतं तर मीही बहुतेक असाच निवृत्त झालो असतो. पण गेल्या दिवाळीच्या आधी ती सुट्टीवर आली. तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, बारावीच्या मुलींना नर्सिंगच्या परीक्षेची माहिती सांगते. मी वर्ग दिला आणि मागे उभा राहिलो.

तिनं फॉर्म कसा भरायचा, कोणती कागदपत्रं लागतात, सगळं फळ्यावर लिहून दिलं. वर्तणुकीच्या दाखल्यापाशी येऊन थांबली. "हा आधीच काढून ठेवा. माझा अडला होता. मी एक खरं बोलली होती, त्याच्यानं सगळे माझ्यावर चिडले होते. सरही चिडले होते. पण शेवटी सरांनी दाखला दिला. काही लिहून न घेता दिला. म्हणून तुम्हाले सांगते, खरं बोला. थोडा त्रास होते, पण मागून कोणी ना कोणी उभं राहते."

मुलींनी वळून माझ्याकडे पाहिलं. एकीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या. काही महिन्यांनी याच मुली परीक्षेला बसणार होत्या, त्याच वर्गात, आणि भौतिकच्या सरांची चक्कर अजून बंद झालेली नव्हती. ही पोरगी त्यांना कोणाच्या भरवशावर उभं राहायला सांगत होती? मी फोन आल्यासारखं करून बाहेर निघालो.

दुसऱ्या दिवशी मी जामला गेलो. वडील ट्रकचं चाक उतरवत होते. मी म्हटलं, "मला तिला सांगायचं आहे. तुम्ही नको म्हणाला होता, म्हणून तुम्हाला विचारायला आलो."

त्यांनी पान्हा खाली ठेवला. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघू लागले.

"आता सांगून काय भेटते, सर? पोरगी लागली मार्गी. तुमाले हलकं वाटंन, आन् माह्यावर येईन ते."

मी वर्गातलं सांगितलं. ती मुलींना काय म्हणाली ते सांगितलं. त्यांनी ट्यूब पाण्यातून काढली.

"असं म्हनली?"

"हो."

"मंग सांगा. पन म्या इथं असतानी सांगा. मांघून नाई."

त्यांनी तिला फोन करून दुकानावर बोलावलं. ती लुना घेऊन आली, मला पाहून हसली. "सर, इथं? गाडी पंक्चर झाली का?"

मी उभ्यानंच सांगितलं. मधे रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यामुळे काही वाक्यं पुन्हा सांगावी लागली. दबकत सांगायची गोष्ट मला मोठ्यानं सांगावी लागली. मागच्या दाराचंही सांगितलं. केंद्र कायम राहिल्याचं आणि माझ्या बढतीचंही सांगितलं.

ती आधी वडिलांकडे वळली. "बाबा, तुमी काऊन लिहून देलं?"

"तुले जाचं होतं न."

"मी नसती गेली."

"म्हनूनच देलं," ते म्हणाले.

ती रबराच्या ढिगाशेजारी बसली. रडली नाही. मग मला म्हणाली, "म्हणजे बोर्डात मी खोटी आहे."

"हो."

"आन् काल मी त्या पोरींना काय सांगून आली!"

मी म्हणालो, मी बोर्डाला लेखी कळवतो. ती म्हणाली, "कळवा. इथंच लिहा." दुकानात बिलांशिवाय कोरा कागद नव्हता, तिनं आपल्या बॅगेतून काढून दिला. मी ट्रकच्या टायरवर पुठ्ठा ठेवून लिहिलं. संस्थेच्या दबावामुळे सदर पालकाकडून निवेदन घेण्यात आले, असं लिहिलं. तिनं वाचलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"घेण्यात आले म्हणजे कोणी घेतलं सर?"

"मी."

"मग तसं लिहा. आणि केंद्रात काय चालते, तेही लिहा. माझं एकटीचं खरं करून काय होते?"

मी दुसरा कागद मागितला. प्राचार्य व केंद्रसंचालक या नात्याने मी ते निवेदन दाखला अडवून घेतले. वस्तुनिष्ठ प्रश्नांची उत्तरे सांगण्याची पद्धत माझ्या संमतीने चालत होती. मुलीचा मूळ जबाब खरा आहे. सही केली. वडिलांनी खाली, मी हे लिहून दिले होते ते खरे नव्हते, एवढंच लिहून सही केली. त्यांना मी नको म्हणालो, गरज नाही म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही.

नागपूरच्या कार्यालयात मी तो अर्ज स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. अध्यक्षांनी त्याच आठवड्यात मला बोलावलं. या वेळी चहा नव्हता. "सर, रिटायर व्हायला आले, आता हे काय सुचलं?" एवढंच म्हणाले. माझ्यावर खातेनिहाय चौकशी लागली आहे. निवृत्तिवेतन अडकू शकतं, हे मी बायकोला सांगितलं, तेव्हा बाकीचंही सांगावं लागलं. दोन दिवसांनी ती म्हणाली, "ते पेढे तरी वाटायला नको होते."

केंद्र आमच्याकडून गेलं. यंदा आमच्या मुलांना परीक्षेला हिंगणघाटला जावं लागलं. पहिल्या पेपरला मी त्यांच्यासोबत एसटीनं गेलो. कोणी माझ्याशी बोललं नाही. गेटवर एका मुलाची आई म्हणाली, "तुमच्यानं झालं हे सर." मी हो म्हणालो.

या शिक्षकदिनाला तिचा मेसेज आला नाही. मी वाटही पाहिली नव्हती, असं म्हटलं तर ते खोटं होईल. चौकशीत साक्ष द्यायला तिला कळवलं आहे, आणि ती येणार असल्याचं तिनं लेखी कळवलं आहे. त्या दिवशी मी समोर बसलेला असेन आणि ती माझ्याविरुद्ध बोलेल. जे झालं तेवढंच बोलेल, त्याहून एक शब्द जास्त नाही, हे मी आजच लिहून देऊ शकतो. तिच्या वर्तणुकीबद्दल मला खरोखर माहीत असलेलं इतकंच आहे.